चौकटीचा ताळा

व्याख्यात्याने फळ्यावर चार अक्षरं आणि चार बाण काढले, "हा डायग्राम कम्यूट होतो" असं म्हटलं आणि तो पुढच्या मुद्द्याकडे वळला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "म्हणजे नेमकं काय होतं?" हातातला खडू न ठेवताच तो म्हणाला, "दोन्ही वाटा सारख्याच आहेत." मुलीने मान डोलावली आणि वहीत तसंच उतरवून घेतलं. मी तिच्या शेजारच्या रांगेत होतो. उत्तर खोटं नव्हतं, घाईत सगळेच असं बोलतात, मीही बोलतो. पण ते वाक्य नंतर बरेच दिवस दाताखाली खडा यावा तसं लागत राहिलं. फळ्यावरच्या वाटा उघड उघड वेगळ्या होत्या. एक वाट आधी उजवीकडे जाऊन मग खाली उतरत होती, दुसरी आधी खाली उतरून मग उजवीकडे वळत होती. दोघींचे मधले थांबे वेगळे, वाटेत करायची कामं वेगळी, कष्टही वेगळे. सारखं होतं ते फक्त शेवटी हाती पडणारं उत्तर. वाटाच सारख्या असत्या, तर चौकट काढायचं कारणच काय होतं?

```
A ---f---> B
|          |
h          g
|          |
v          v
C ---k---> D
```

हीच ती चौकट. A, B, C, D या चार जागा आहेत. संच म्हणा, ग्रुप म्हणा, जे असेल ते. बाण म्हणजे एका जागेच्या घटकाला दुसऱ्या जागेचा घटक नेमून देणारी फलनं. चौकट कम्यूट होते, याचा अर्थ A मधला कुठलाही घटक उचलला आणि त्याला f ने B मध्ये व तिथून g ने D मध्ये नेला, किंवा h ने C मध्ये व तिथून k ने D मध्ये नेला, तरी D मध्ये तो एकाच जागी पोचतो. सूत्रात हे g∘f = k∘h असं लिहितात. इथे नवख्याची पहिली अडखळ होते, कारण बाण डावीकडून उजवीकडे वाचायचे आणि सूत्र उजवीकडून डावीकडे: आधी f चालतं, पण लिहिताना ते मागे येतं. माझ्या मते चित्र लोकप्रिय होण्याचं निम्मं कारण हेच असावं, बाणांच्या मागे बोट फिरवताना क्रम उलटा धरायची भीती राहत नाही. पण चित्रात एक गोष्ट दिसत नाही आणि ती वाचणाऱ्याने स्वतः भरायची असते. ते एक समीकरण A च्या प्रत्येक घटकासाठी आहे. A मध्ये अगणित घटक असतील, तर त्या इवल्याशा चौकटीत अगणित समीकरणं बसलेली आहेत.

आणि B व C यांच्याबद्दल चौकट एक अक्षरही बोलत नाही.

चौकट हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मी अशी एक चौकट हाताने चालवली होती, फक्त ती चौकट आहे हे ठाऊक नव्हतं. गुणाकार झाला की नऊचा ताळा पाहायचा. ५८ गुणिले ६७ केलं, उत्तर आलं ३८८६. आता ५८ चे अंक मिळवायचे: तेरा, त्याचे पुन्हा चार. ६७ चेही तेरा, म्हणजे चार. चार चोक सोळा, एक आणि सहा सात. उत्तराचे अंक मिळवायचे: तीन, आठ, आठ, सहा मिळून पंचवीस, म्हणजे सात. सातास सात मिळाले की ताळा जुळला. पेन्सिलीने समासात बारीक अक्षरात लिहिलेले ते दोन सात पाहून जे हायसं वाटायचं, ते आजही आठवतं. का जुळतो, हे मात्र विचारावंसं वाटलं नव्हतं. शिकवणाऱ्यालाही सांगावंसं वाटलं नसावं.

आता तोच ताळा चौकटीत मांडून बघू. A मध्ये पूर्णांकांच्या जोड्या आहेत, आपली जोडी (५८, ६७). वरचा बाण f म्हणजे गुणाकार, तो जोडीला B मधल्या ३८८६ कडे नेतो. उजवा बाण g म्हणजे नवाने भागून बाकी घेणं, त्याने ३८८६ चे ७ होतात. (अंकांची बेरीज ही बाकी काढण्याची पळवाट आहे, दहाला नवाने भागल्यावर बाकी एक उरते, म्हणून शंभर, हजार यांचीही एकच उरते आणि संख्येच्या जागी तिचे नुसते अंक मिळवले तरी भागतं.) दुसऱ्या वाटेने जाताना डावा बाण h आधी दोन्ही संख्यांच्या बाक्या घेतो, (४, ४). खालचा बाण k या बाक्यांचा गुणाकार करतो, पण बाक्यांच्या दुनियेतला गुणाकार, जिथे सोळा म्हणजेच सात. दोन्हीकडून सात. ही चौकट कायम कम्यूट होते, आणि कारण अगदी उघडं आहे: ५८ म्हणजे नऊ सक चोपन्न अधिक चार, ६७ म्हणजे नऊ साते त्रेसष्ट अधिक चार, दोघांना गुणलं की जे चार तुकडे मिळतात त्यातल्या तिघांत नऊ हा अवयव असतो, बाकी घेताना ते गळून पडतात, आणि उरतो फक्त चार चोक सोळा. ५८ आणि ६७ च्या जागी कुठल्याही दोन संख्या घेतल्या तरी हेच होणार.

मधले थांबे बघा. वरच्या वाटेत ३८८६ ही चार अंकी संख्या आहे, खालच्या वाटेत (४, ४) ही टीचभर जोडी. या दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध लावता येत नाही. ३८८६ कडे पाहून (४, ४) सांगता येणार नाही आणि (४, ४) वरून ३८८६ परत मिळणार नाही. तरी दोघंही सातावर येतात. मला चौकटीचा खरा अर्थ इथे दिसतो. एक वाट महाग आहे, दुसरी स्वस्त, आणि त्यांच्या उत्तरात फरक पडणार नाही याची हमी आधीच सिद्ध करून ठेवली आहे. ताळा पाहणारा मुलगा चौकट तपासत नसतो. चौकट खरीच आहे असं धरून तो आपला गुणाकार तपासत असतो. हातचा घ्यायला विसरून उत्तर ३७८६ आलं, तर अंक चोवीस भरतात, म्हणजे सहा. सहाला सात मिळत नाहीत, तेव्हा चूक गुणाकारात आहे.

उलट बाजूने मात्र हमी नाही. शेवटचे दोन अंक उलटे लिहून ३८६८ केलं, तरी अंक पंचवीसच भरतात आणि ताळा बिनतक्रार जुळतो. g हा बाण संख्येतून फक्त बाकी ठेवतो, उरलेलं सगळं फेकून देतो. त्यामुळे D मध्ये दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या तर त्या B मध्ये वेगळ्याच होत्या, पण D मध्ये एक निघाल्या म्हणून B मध्ये एक होत्या असं म्हणता येत नाही. हे वाक्य सोपं दिसतं, पण डायग्राम वाचताना लोक सर्वात जास्त इथेच घसरतात.

नऊचा ताळा हा झाला लहान मासा. तीच चौकट जरा मोठ्या सामानावर चालवली की तिची ताकद कळते. A मध्ये पूर्णांकांच्या चौरस सारण्या घ्या, वरचा बाण म्हणजे निश्चयक काढणं, उभे बाण म्हणजे दोनाने भागून बाकी घेणं, आणि खालचा बाण म्हणजे शून्य-एकाच्या सारणीचा निश्चयक त्याच शून्य-एकाच्या दुनियेत काढणं. निश्चयक कितीही अवघड वाटला, तरी तो शेवटी आकड्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज-वजाबाकी करणंच आहे, आणि बाकी घेणं या तिन्ही क्रियांशी जमवून घेतं. म्हणून ही चौकटही कम्यूट होते. आता ही सारणी पाहा:

```
7   4  10
6   9   2
8  12   5
```

वरच्या वाटेने जायचं तर पहिल्या ओळीने विस्तार करायचा. सातला गुणायला ९×५ वजा २×१२ म्हणजे २१. चारला गुणायला ६×५ वजा २×८ म्हणजे १४. दहाला गुणायला ६×१२ वजा ९×८ म्हणजे शून्य. मग १४७ वजा ५६, उत्तर ९१. विषम. खालच्या वाटेने जायचं तर नुसतं बघायचं: मुख्य कर्णावर ७, ९, ५ हे विषम, बाकीचे सगळे सम. दोनाने भागून बाकी घेतली की कर्णावर एक आणि इतरत्र शून्य उरतात. त्या सारणीचा निश्चयक १. म्हणजे मूळ निश्चयक विषमच असणार, आणि विषम संख्या शून्य असू शकत नाही, म्हणून सारणीला व्यस्त सारणी आहे, हवं तर अपूर्णांकांत. तीन ओळींच्या सारणीत वरची वाटही परवडते. पण कुणी शंभर ओळींची आणि शंभर स्तंभांची सारणी दिली, कर्णावर सगळे विषम आणि बाहेर सगळे सम, तर तिचा निश्चयक हाताने काढायला कुणी बसणार नाही. खालच्या वाटेने उत्तर पाहताक्षणी मिळतं: निश्चयक शून्य नाही. किती आहे ते कळत नाही, पण शून्य नाही हे नक्की.

आणि याच सारणीला दोनाऐवजी साताच्या बाक्या लावल्या तर खालच्या वाटेने शून्य मिळतं, कारण ९१ म्हणजे सात गुणिले तेरा. वर ९१ शाबूत आहे आणि खाली शून्य. यात चौकटीचं काही बिघडलं नाही, तिने दिलेलं वचन पाळलंच आहे. फक्त सातवाल्या बाणाने यावेळी हवी असलेलीच गोष्ट गाळून टाकली. ३८६८ ला सुटू देणारा ताळा आणि हा शून्य, दोन्ही एकाच घरातले.

इथे निश्चयकाबद्दल एक गंमत आहे. दोन, सात, नऊ, कुठलीही संख्या घ्या, किंवा बेरीज, वजाबाकी आणि क्रम बदलता येणारा गुणाकार चालणाऱ्या एका दुनियेतून, म्हणजे क्रमनिरपेक्ष रिंगमधून, तशाच दुसऱ्या रिंगमध्ये नेणारा आणि या क्रियांशी जमवून घेणारा कुठलाही बाण, म्हणजे होमोमॉर्फिझम, घ्या, उभे बाण बदलत राहतात पण चौकट दरवेळी कम्यूट होते. निश्चयकाची कृती एकच, ती कुठल्या दुनियेत चालवली याला महत्त्व नाही. आयलेनबर्ग आणि मॅक लेन या गणितज्ञांनी १९४५ साली एक शोधनिबंध लिहून अशा चौकटींच्या अख्ख्या कुटुंबाला एक व्याख्या दिली. अशा कृतींना गणितात 'नॅचरल' म्हणतात. माझ्या नजरेत त्यांचं मोठं काम हे की 'हे आपोआप जमतं, निवड करावी लागत नाही' ही तोवर फक्त जाणवणारी गोष्ट त्यांनी तपासून पाहता येईल अशी केली.

पण सगळंच कसं जमेल?

चौकट काढली की ती कम्यूट होते असा समज सहज होतो, कारण पुस्तकांत छापलेल्या बहुतेक होतात. न होणारी एक चौकट हाताशी ठेवावी. वरचा बाण म्हणजे दोन संख्यांची बेरीज, उभे बाण म्हणजे वर्ग करणं, खालचा बाण पुन्हा बेरीज. (३, ४) घ्या. बेरीज सात, वर्ग एकोणपन्नास. दुसरीकडून वर्ग नऊ आणि सोळा, बेरीज पंचवीस. चोवीसचा फरक. हा फरक म्हणजे नुसतं 'चुकलं' एवढंच नाही. सर्वसाधारण जोडीसाठी तो 2ab आहे, (३, ४) साठी दोन गुणिले तीन गुणिले चार. चौकट नक्की किती आणि कशामुळे उघडी पडली, ते हा फरक सांगतो. एक शून्य असेल तर ती मिटते: (०, ४) ला दोन्हीकडून सोळाच मिळतात. म्हणून एखाद-दुसरा सोयीचा घटक चालवून बघितला आणि जुळलं, याला काडीची किंमत नाही. शून्यावर तर बहुतेक चौकटी गोड वागतात.

आता त्या 2ab मधला दोन जिथे शून्य असतो, तिथे ही चौकट नेऊन पाहू. नुसत्या शून्य-एकाच्या दुनियेत नेली तर कम्यूट होते, पण ती चीटिंग आहे, कारण तिथे शून्याचा वर्ग शून्य आणि एकाचा एक, म्हणजे वर्ग करणं हे काही न करण्यासारखंच. खरी गंमत शून्य-एक सहगुणक असलेल्या बहुपदींमध्ये येते. तिथे x + 1 चा वर्ग x² + 2x + 1, आणि 2x म्हणजे शून्य, म्हणून x² + 1. आधी बेरीज मग वर्ग, आधी वर्ग मग बेरीज, दोन्ही एकच. इथे वर्ग करणं ही खरीखुरी हालचाल आहे, x चा x² होतो, तरी चौकट मिटते. शाळेत ज्या (a + b)² = a² + b² वर लाल रेघ पडते, ते इथे प्रमेय आहे. चित्र तेच, बाणांची नावं तीच. मिटणं किंवा न मिटणं हे A, B, C, D मध्ये कोण बसलंय यावर ठरतं.

बेरजेच्या जागी एखाद्या ग्रुपमधला, म्हणजे जिथे प्रत्येक घटकाला व्यस्त असतो तिथला, गुणाकार ठेवला, तर हीच चौकट आणखी एक गोष्ट बोलून जाते. एका वाटेने abab, दुसऱ्या वाटेने aabb. दोघं एक व्हायला हवेत म्हटलं, तर डावीकडचा a आणि उजवीकडचा b दोन्ही बाजूंनी खोडता येतो, आणि उरतं ba = ab. म्हणजे सगळ्या जोड्यांसाठी ही चौकट मिटते तेव्हाच, जेव्हा त्या ग्रुपमध्ये गुणाकाराचा क्रम कुठेही बदलता येतो. चौकटीचा ताळा पाहता पाहता आपण ग्रुपचा स्वभाव तपासून मोकळे झालो.

व्याख्यानांत एकच चौकट सहसा येत नाही, चौकटींच्या रांगा येतात. लहान चौकटी एकेक मिटत असतील तर त्यांना चिकटवून झालेली मोठीही मिटते. मोठ्या चौकटीच्या कडेने जाणारी वाट आपण एकेका लहान चौकटीतून सरकवत दुसऱ्या कडेला नेऊ शकतो. निश्चयकाची चौकट अशीच बनलेली आहे, गुणाकाराच्या आणि बेरजेच्या बारक्या चौकटी जोडून. पण हे उलटं वाचायचा मोह होतो: बाहेरची मिटली, म्हणजे आतल्याही मिटल्या असतील. तसं नाही.

```
Z ---×1---> Z ---mod 2---> Z/2
|           |               |
=           =               =
|           |               |
v           v               v
Z ---×3---> Z ---mod 2---> Z/2
```

Z म्हणजे पूर्णांक, Z/2 म्हणजे शून्य-एकाची दुनिया, आणि mod 2 म्हणजे दोनाने भागून बाकी घेणं. उभे बाण इथे काहीच करत नाहीत. डावीकडच्या चौकटीत १ टाकला तर वरून १ मिळतो, खालून ३. ती मिटत नाही. उजवीकडची मिटते, तिच्यात वर-खाली एकच काम आहे. आणि बाहेरचा लांबट आयत? वरून १ ची बाकी एक, खालून ३ ची बाकी एक. कुठलाही x घ्या, x आणि 3x मधला फरक 2x, आणि दोनाने भागणारा शेवटचा बाण नेमका तोच गिळून टाकतो. शेवटचा बाण काही गिळणारा नसता, म्हणजे एकास-एक असता, तर मात्र डावी चौकट मिटावीच लागली असती: तिच्या दोन वाटांनी p आणि q मिळाले असं धरा, बाहेरची आणि उजवी मिटतात म्हणून तो बाण p आणि q यांना एकाच जागी नेतो, आणि एकास-एक असल्यामुळे p = q. डायग्रामच्या मागे घटक घेऊन फिरण्याचं जे काम पुढे पानंच्या पानं चालतं, ते बहुतेक अशाच पावलांचं असतं. माझा अनुभव असा की सिद्धता अडते तिथे कुणीतरी एखादा गिळणारा बाण न गिळणारा समजलेला असतो.

आणि एक. दोन जागांमध्ये येणारा आणि जाणारा, असे दोन बाण दिसले की 'कम्यूट होतो' हे वाक्य थांबून वाचावं. Z मधून Z×Z मध्ये जाणारा i, जो n ला (n, 0) करतो. परत येणारा r, जो (a, b) मधला a ठेवतो. i ने जाऊन r ने परत आलं की निघालो तिथेच येतो, पाचाचे पाचच. पण Z×Z मधून निघून r ने खाली आणि i ने वर आलं, की (३, ५) चा (३, ०) होतो. एक फेरी मिटते, दुसरी नाही, आणि चित्रात दोन्ही सारख्याच गोल दिसतात. काही लोक मिटणाऱ्या चौकटीच्या पोटात एक छोटासा वळलेला बाण काढतात. ती सवय मला आवडते, कारण ज्या चौकटीत तो नाही तिच्याबद्दल काही म्हटलेलं नाही हेही त्यातून कळतं. समान टोकांचे दोन समांतर बाण काढले असतील तर बहुतेक वेळा ते एकच आहेत असं म्हणायचं नसतंच; ते कुठे एक होतात, हाच तिथला प्रश्न असतो. माझ्या वहीत r-i च्या चित्राशेजारी एका फेरीत तसा वळलेला बाण आहे, आणि दुसऱ्या फेरीत फक्त (०, १) लिहिलंय, खाली जाऊन वर आल्यावर (०, ०) होणारी जोडी.